आईच्या सुया आणि तीन प्रकारचे धागे

निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी थंडी. तिथे वाढल्यामुळे स्वेटर माझ्यासाठी कधी हौसेची गोष्ट नव्हती. आजोबांकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं होतं. उबदार, पण मानेला लागलं की अशी खाज सुटायची की आम्ही पोरं ते पांघरायलाच तयार नसायचो. लोकर म्हटली की टोचणारच, असं घरात सगळेच म्हणत.

आईने आजोळहून आणलेल्या मऊ लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर बाबांसाठी विणला आणि तो कुणालाच टोचेना. त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः विणायला लागल्यावर कळलं. टोचतं ते तंतूचं टोक. बारीक तंतू कातडीला टेकला की वाकतो. साधारण 30 मायक्रॉनहून जाड असला तर वाकत नाही, रुततो. शंभरात पाचच तंतू असे जाड असले तरी अंग चुणचुणायला लागतं. घोंगड्याची लोकर त्याहून कितीतरी जाड असते, तर मेरिनोचे तंतू बहुधा 20 मायक्रॉनच्या आसपास असतात. म्हणून लोकर घेताना ती तळहाताने चाचपून उपयोग नाही, तिथली कातडी जाड असते. गुंडी जबड्याखाली, गळ्याला मिनिटभर धरून पाहावी.

शाळेचा निळा स्वेटर मात्र आई ॲक्रिलिकचाच विणायची. स्वस्त, बादलीत बुचकळून धुता येणारा, न टोचणारा. स्वस्थ बसलेल्या मुलाला त्याची ऊब लोकरीइतकीच वाटते, कारण ऊब धरते ती धाग्यांत अडकलेली हवा आणि ॲक्रिलिकचा धागा फुगीर असतो. फरक कळायचा सायकल मारत शाळेत पोचल्यावर. पाठ घामाने ओली झालेली असायची आणि पहिल्या तासाला हुडहुडी भरायची. ॲक्रिलिक पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ती शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. वाऱ्यापुढे मात्र दोन्ही सारखेच. सैल विणीतून वारा आरपार जातो, मग मोटारसायकलवर स्वेटरवरून विंडचीटर हवाच.

आता गोळ्यांबद्दल. मला या प्रश्नाने सर्वात जास्त छळलं आहे. दप्तराचा पट्टा घासायचा त्या खांद्यावर निळ्या स्वेटरला बारीक गोळे यायचे आणि वर्ष संपलं तरी जायचे नाहीत. बाबांच्या स्वेटरलाही काखेत गोळे आले, पण काही धुण्यांनंतर आपोआप गळून गेले. घासल्यामुळे सुटलेली तंतूंची टोकं एकमेकांत गुंतली की गोळा होतो, हे दोन्हीकडे सारखंच. लोकरीचा तंतू तुलनेने कमजोर असल्यामुळे गोळा धरून ठेवणारा तंतूच तुटतो. ॲक्रिलिकचा चिवट, तो तुटत नाही.

मिश्र धाग्याची गोम इथेच आहे. मुलगा शिकायला दिल्लीला गेला तेव्हा मी त्याच्यासाठी अर्धी लोकर, अर्धं ॲक्रिलिक असा सैल पिळाचा एकपदरी धागा निवडला. ऊब चांगली मिळाली, धुण्याचीही कटकट नव्हती. पण हिवाळा संपेपर्यंत काखा, मनगटं आणि टेबलाला घासणारे कोपर गोळ्यांनी भरून गेले. लोकर लव सोडत राहिली आणि ॲक्रिलिकने ती घट्ट धरून ठेवली. पुढचा स्वेटर त्याच मिश्रणाचा, पण चांगल्या पिळाच्या तीनपदरी धाग्याचा केला आणि सुईही एक नंबर बारीक घेतली. गोळे आले, पण फारच कमी, तेही मनगटापुरते. नुसतं मिश्रणाचं प्रमाण वाचून धागा निवडू नये, पीळ पाहावा, हे माझं ठाम मत त्यातूनच झालं. गुंडीचं टोक दोन बोटांत धरून चोळावं. चटकन लव उभी राहिली तर तो धागा काखेत टिकायचा नाही. आलेले गोळे हाताने ओढू नयेत, ओढल्याने आणखी तंतू बाहेर येतात. कापड सपाट पसरून ते कापून काढावेत.

दुकानात ॲक्रिलिकही लोकर म्हणूनच विकलं जातं. शंका आली तर मी वीतभर धागा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून जाळून पाहते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा येतात, त्यामुळे प्रमाण काही त्यातून कळत नाही.

आता तान्ह्या बाळासाठी मला कुणी विचारलं, तर मी मऊ ॲक्रिलिक सुचवते, कारण बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही, एकदा लवचीकपणा गेला की वीण लोंबते ती कायमची. पहाटे चालायला जाणाऱ्यांना बारीक लोकर, कोमट पाण्यात न चोळता धुवायची, नाहीतर आटते. आणि मुलाच्या नव्या स्वेटरसाठी पाच हिस्से असतील तर चार लोकर, एक नायलॉन असा घट्ट पिळाचा धागा आणला आहे. पाठ विणून झाली, बाह्या व्हायच्या आहेत.