ब्रिक्स मीटर मागवताना वाचलेलं इंग्रजी



द्राक्ष चाखून "गोडी आली" म्हणायचं आणि बाग उतरवायची, हे बेदाण्याला परवडत नाही. ढोबळ हिशेब बघा. एक टन द्राक्ष अठरा ब्रिक्सला उतरवलं तर दोनशे दहा किलोच्या आसपास बेदाणा पडतो. तेच बावीसला उतरवलं तर अडीचशे किलोच्या पुढं जातो. पाणी सगळं शेडवर उडून जातं, राहते ती साखर. म्हणून आमच्या शेजारच्या तात्यांनी या जानेवारीत ठरवलं, की दर वेळी दुसऱ्याचं मीटर मागायला जायचं नाही, आपलं घ्यायचं. तास-ए-गणेशचा प्लॉट आहे त्यांचा, फेब्रुवारीच्या शेवटाला उतरेल असा.

मीटर म्हणजे ते हातातलं, दुर्बिणीसारखं. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडं धरून बघायचं. तासगावात दुकानात होतं, पण मोबाईलवर स्वस्त दिसलं. तात्या फोन घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "सगळं भरलंय, नुसतं पैसे द्यायचं बटण दाबायचं राहिलंय. तेवढं इंग्रजी कसलं हाय, वाच बघू."

म्हटलं, द्या इकडं. आणि मग आम्ही दोघं पाऊण तास त्या एका पानावर बसलो. त्यातलं जे कामाचं वाटलं ते लिहितो, कारण हंगामाच्या तोंडावर अशी खरेदी बरेच जण करतात.

पहिली गोष्ट दिसली ती पानाच्या अगदी वरच्या कडेला, बारीक अक्षरात. `Deliver to` आणि पुढं तात्यांच्या पुतण्याचं नाव, पुणे, पिन 411 नं सुरू होणारा. अकाउंट पुतण्यानं काढून दिलेलं होतं, त्यामुळं अ‍ॅपनं त्याच्या खोलीचा पत्ताच धरलेला. बटण दाबलं असतं तर मीटर पुण्याला गेलं असतं, आणि माल देताना जो ओटीपी विचारतात तो पुतण्याच्या फोनवर गेला असता. तात्यांना वाटत होतं, फोन आपला आहे म्हणजे पत्ता आपलाच असणार. अ‍ॅपला फोन कुठं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, अकाउंटमध्ये कुठला पत्ता ठरवून ठेवलाय तोच ते धरतं.

आता इथं एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. बरेच जण आधी वस्तू बघतात, परत घेण्याची अट वाचतात आणि शेवटी पत्ता भरतात. मी उलटं करायला सांगेन. पिन बदलला की पोच तारीख बदलते, कधी विकणाराच बदलतो, पोच झाल्यावर रोख द्यायची सोय असते ती जाते, आणि परत न्यायला माणूस येणार का नाही हेही बदलू शकतं. पुण्याचा पिन ठेवून वाचलेली अट आपल्या मळ्याला लागू पडेलच असं नाही. आम्ही पिन बदलला तेव्हा `Sold by` च्या पुढचं नाव बदललं आणि दोन दिवसांत येणारा माल सहा दिवसांवर गेला.

पिनचंही बोलतो. सहा आकडे, 15 ऑगस्ट 1972 पासून देशभर सुरू झाले, आणि ती पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसानं. पहिले तीन आकडे टपालाच्या छाननीचा भाग सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ही वाटणी टपालाच्या सोयीची आहे, तहसीलदाराच्या हद्दीची नाही. तासगाव 416312, पण त्याच सांगली जिल्ह्यातलं विटा 415311 आणि इस्लामपूर 415409, म्हणजे साताऱ्याच्या मालिकेतले. त्यामुळं "जिल्हा सांगली म्हणजे 416" असं धरून अंदाजानं आकडे टाकू नका, आणि गाव खेडं आहे म्हणून सरसकट तासगावचाच पिन टाकू नका. गावच्या पोस्टमनला विचारा, त्याच्याइतकं बरोबर कुणी सांगत नाही.

पिनला इतकं महत्त्व अशासाठी, की आपल्याकडं गावांची नावं जुळी-तिळी आहेत. बोरगाव तासगाव तालुक्यात आहे, वाळव्यात आहे. नागाव म्हटलं तर निमणीजवळचं का कवठ्याजवळचं, हे तालुक्यातल्या माणसालाही विचारावं लागतं. पिन चुकला की खोकं दुसऱ्याच तालुक्याच्या गोदामात पडून राहतं, आणि दोन-तीन दिवसांनी "पत्ता सापडला नाही" म्हणून माघारी जातं.

पत्त्याच्या रकान्यांची खरी अडचण अशी, की ते शहराच्या माणसानं शहरासाठी केलेत. `Flat, House no., Building, Company, Apartment`. आता मळ्यात राहणाऱ्या माणसाला कुठली बिल्डिंग? तात्यांनी तिथं गट नंबर टाकला होता. गट नंबर सातबाऱ्यावर शोभतो, खोकं घेऊन येणाऱ्या पोराला तो काय कळणार! त्या रकान्यात आम्ही मळ्याचं नाव लिहिलं, `Thorla Mala`. गावात कुणालाही विचारलं तरी बोट दाखवतील. पुढच्या `Area, Street, Sector, Village` मध्ये शेवटचा शब्द आपल्या उपयोगाचा आहे, `Village`. तिथं मुक्काम पोस्ट आणि तालुका, दोन्ही घालायचं: `A/P Borgaon, Tal. Tasgaon`. तालुक्याचा वेगळा रकाना कुठंच नसतो, आणि आपल्याकडं पत्ता तालुक्यावरच ओळखला जातो. `Landmark` म्हणजे जवळची खूण. तिथं "आंब्याच्या झाडाजवळ" उपयोगाचं नाही. प्राथमिक शाळा, सोसायटी, दूध डेअरी, अशी एसटी स्टँडवर उतरून विचारता येईल अशी खूण द्या.

`Use my location` हे बटण मोहात पाडतं. रानात उभं राहून दाबलं तर ते रानाचा पत्ता घेतं, आणि सांगलीला दवाखान्यात बसून दाबलं तर दवाखान्याचा. ते न दाबता हातानं भरलेलं बरं. आणि मोबाईल नंबर असा द्या, की ज्याला दिवसा रेंज असते. फवारणीच्या ब्लोअरवर बसलेल्याला फोन ऐकू येत नाही, म्हणून दुसऱ्या नंबराचा रकाना असेल तर घरातल्या माणसाचा घाला. `Home` का `Office` विचारतात तिथं `Home` ठेवा. ऑफिस म्हटलं की सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी माल आणायचं टाळतात.

आता ती अट. किमतीच्या खाली एक छोटं चित्र आणि दोन शब्द असतात, त्यावर बोट ठेवलं की बाकीचं उघडतं. आमच्यासमोर दोन मीटरं होती. एक 980 रुपयांचं, एक 1,150 चं. तात्यांचा कल अर्थातच पहिल्याकडं. पहिल्याखाली लिहिलेलं `7 days Replacement`, दुसऱ्याखाली `7 days Return`. तात्या म्हणाले, "दोन्ही सातच दिवस की! मग एकशे सत्तर रुपये कशाला जास्त?"

फरक मोठा आहे. `Replacement` म्हणजे वस्तू मोडकी, बंद किंवा वेगळीच आली तर तीच वस्तू दुसरी देणार. पैसे मागता येत नाहीत, निदान दुसरी देता येते तोवर तरी. `Return` म्हणजे वस्तू परत, आणि त्यापुढं `Refund` लिहिलं असेल तर पैसे परत. अ‍ॅपची भाषा मराठी केली तर गोंधळ उलट वाढतो, कारण "परतावा" हा एकच शब्द कधी वस्तूला वापरतात, कधी पैशाला. त्यामुळं अटीपुरतं तरी मी इंग्रजीच ठेवतो. खालच्या मजकुरात `only if` हे दोन शब्द शोधायचे. त्यांच्या पुढं जे येतं तीच खरी अट. पहिल्या मीटरखाली होतं: `only if the item is damaged, defective or different from description`.

तरीही 980 चं चाललं असतं, वस्तू बरोबर असती तर. मी वर्णन उघडलं. `58-90% Brix`. ते मधाचं मीटर! द्राक्षाचा रस अठरा ते चोवीसच्या घरात असतो, त्याची रेघ त्या पट्टीवर उमटणारच नाही. फोटोत दोन्ही मीटरं हुबेहूब सारखी दिसत होती. आपल्याला `0-32%` लागतं. आणि इथं ती अट चावते. मधाचं मीटर मागवलं आणि मधाचंच आलं, तर ते मोडकं नाही, बंद नाही, वर्णनाप्रमाणेच आहे. `Replacement` मागितलं तरी दुसरं मधाचंच येणार.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण त्यालाही कुंपण आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे `Non-returnable` लिहिलेलं असलं तरी फुटकं मीटर गळ्यात मारता येत नाही. दाद मागायला 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. पण चांगल्या स्थितीतली, वर्णनाबरहुकूम आलेली, आपल्याच कामाची नसलेली वस्तू परत घ्यायला लावील असा नियम त्यात नाही. तिथं फक्त दुकानदाराची स्वतःची अट कामाला येते, आणि तीच पैसे देण्याआधी वाचायची असते.

तात्यांनी 1,150 चं घेतलं. सात दिवस मोजतात ते माल हातात पडल्यापासून. बाग उतरायला अजून महिना होता, म्हणून मीटर त्याच दिवशी तपासणं भाग होतं. खोकं फोडताना पोरानं सलग व्हिडिओ घेतला, मीटरवरचा आकडा आणि खोक्यावरची चिठ्ठी दोन्ही दिसतील असा. सावलीत बसून आधी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर टाकलं. रेघ शून्यावर हवी, ती अर्धा वर होती, स्क्रू फिरवून आणली. मग डिजिटल काट्यावर वीस ग्रॅम साखर आणि ऐंशी ग्रॅम पाणी मोजून, पूर्ण विरघळवून दोन थेंब टाकले. असं पाणी वीस ब्रिक्स दाखवायला पाहिजे. तात्यांच्या मीटरनं वीसला अगदी चिकटून रेघ दाखवली. एक-दीडचा फरक आला असता आणि शून्य परत लावूनही गेला नसता, तर मीटर त्याच संध्याकाळी परत टाकलं असतं. खोकं, स्क्रू फिरवायचा पाना आणि बिल आठव्या दिवसापर्यंत कपाटात ठेवलं.

काल प्लॉटच्या चार कोपऱ्यांतनं मणी घेतले. घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे, वेगवेगळे. खांद्याला साडेएकोणीस, शेंड्याला सतरा. तात्या म्हणतात, अजून पंधरा दिवस हात लावायचा नाही.