सैल वाटी, थकलेलं कापड

जीन्सच्या जाड शर्टावरचं खिशाचं टिचबटण उघडं राहू लागलं की लोक बहुधा पक्कड काढतात आणि दोन्ही भाग चिमटून घट्ट करतात. दोनचार दिवस ते बसतंही. पण दोष नेमका कुठे आहे हे पाहायच्या आत केलेला हा उपाय आहे. या बटणाचे चार भाग असतात. खिशाच्या झाकणावर टोपी आणि तिच्या आत वाटी, खालच्या कापडावर उंचवटा आणि त्याला मागून धरणारा खिळा. पकड असते ती वाटीतल्या बारीक तारेच्या चापाची. उंचवट्याचं डोकं ती तार बाजूला सारून आत जातं आणि तार पुन्हा जागेवर येऊन त्याची मान धरते. तार थकली की पकड जाते. म्हणून त्याच शर्टाचं शेजारचं चांगलं बटण वापरून बघावं. त्याची वाटी या उंचवट्यावर टिचकन बसली, तर उंचवटा ठीक आहे आणि बदलायची आहे ती वरची जोडी, म्हणजे टोपी आणि वाटी. पकडीने चिमटलं की वाटीचा गोल मोडतो, तार मात्र तशीच सैल राहते.

यावर कोणी म्हणेल, नवी जोडी ठोकली की काम संपलं. कापड जाड आणि शाबूत असेल तर खरंच संपतं. पण वाटी कापडासकट निघून आली असेल, तर भोक रुंदावलेलं असतं आणि नवी टोपीही त्यातून निसटते. जुनी वाटी काढताना कापड ओढू नये. तिची कड कटरने चिमटून वर उचलावी. मग आतून घट्ट विणीच्या सुती कापडाची दुहेरी ठिगळी शिवावी आणि तिला टोच्याने भोक पाडावं. कात्रीने धागे तुटतात, टोच्याने ते नुसते बाजूला सरकतात आणि टोपीच्या दांड्याला आवळून धरतात. कापडाबाहेर दांडा दोन-तीन मिलिमीटर उरावा. जास्त उरला तर ठोकताना वाकडा होतो, कमी उरला तर त्याची कड वाटीत वळतच नाही. टोपी जाड चामड्याच्या तुकड्यावर पालथी ठेवावी, नाहीतर तिचा घुमट चेपतो. मग दांड्यावर वाटी बसवून ठसा सरळ उभा धरावा आणि हातोडीचे हलके ठोके द्यावेत. टोपी बोटाने फिरली तर आणखी एक ठोका. एकाच दणक्यात काम उरकणाऱ्यांची तार चेपते, आणि नवं बटणही पहिल्या दिवसापासून उघडं.

मलमलीसारख्या पातळ कापडाला मात्र हे सगळं लागू नाही. तिथे भोक न पाडता सुईदोऱ्याने शिवायचं टिचबटणच बरं.