तीन वह्या, एक गल्ला

माझ्या माहेरचं किराणा दुकान सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वडिलांनंतर तिघे भाऊ ते चालवतात. मधल्या भावाची मुलगी, माझी भाची, बी.कॉम. होऊन घरी बसली होती. गेल्या वर्षी तिनं घरात सांगितलं, "दुकान सुधारायचं आहे. मी प्लॅन केलाय."

पहिल्यांदा तिनं प्लॅन मांडला तेव्हा मी नव्हते. साडेतीन लाखांचा खर्च होता: कॉम्प्युटर, बारकोडचं मशीन, काचेचे रॅक, वर नवा बोर्ड. मोठ्या भाईजाननी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "बेटी, तूरडाल के बोरे पे बारकोड कां चिपकाने का?" सगळे हसले आणि बैठक संपली.

ती रडत माझ्याकडे आली नाही. पंधरा दिवसांनी एक वही घेऊन आली. म्हणाली, "फुपी, बडे अब्बांची उधारीची वही उर्दूत आहे. मला वाचता येत नाही. वाचून दाखवाल?" तिचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते, पण घरातल्या मुलीला घरची वही वाचता येत नाही हे मला तोवर कधी टोचलं नव्हतं.

ती म्हणाली, "बडे अब्बांचं बरोबर होतं. आपली निम्मी विक्री सुट्या मालाची आहे. मशीन आणलं असतं तर रांगच वाढली असती. आधी दुकानात काय चाललंय ते बघते." मग महिनाभर तिनं रोजची विक्री, खरेदी आणि खर्च लिहिला. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा माल मोजला.

आम्ही दोघींनी उधारीच्या वह्या शेजारी ठेवल्या. मोठ्या भाईजानची उर्दूत, तिच्या अब्बांची मराठीत, धाकट्याची मोबाईलमध्ये. एकच गिऱ्हाईक उर्दू वहीत 'मास्तर' होतं आणि मराठी वहीत 'वेशीजवळचे सर'. एका भावानं हात आखडता घेतला की माणूस दुसऱ्या भावाच्या वेळेला यायचा. एकूण उधारी ४ लाख ३० हजार निघाली. त्यातले १ लाख १० हजार अशा लोकांकडे होते, ज्यांनी वर्षभरात दुकानाची पायरी चढली नव्हती.

मालाचीही तीच तऱ्हा. नवा खोका आला की पुढे ठेवायचा, जुना मागे सरकायचा. हात पुढच्याच पुड्याकडे जातो. त्यामुळे मागे मसाल्याची पाकिटं, शाम्पूच्या बाटल्या, मागच्या रमजानच्या शेवया तारीख उलटून पडल्या होत्या. वेळेत दाखवला असता तर बराच माल एजन्सीवाल्यानं बदलून दिला असता. तारीख गेल्यावर तो हात लावत नाही. ९ लाखांच्या मालात १ लाख २० हजारांचा माल सहा महिन्यांत हललाच नव्हता.

दुसऱ्या बैठकीला तिनं मला बोलावलं. इशाच्या नमाजनंतर दिवाणखान्यात तिघे भाऊ बसले. यावेळी प्लॅनचा खर्च ६०० रुपये होता: एक मोठं रजिस्टर आणि मार्कर पेन. जुना माल पुढे, नवा मागे, खोक्यावर तारीख ठळक. उधारी एकाच रजिस्टरमध्ये. धाकटा म्हणाला, "त्यापेक्षा मोबाईलवरनं मेसेज जाऊ दे ना सगळ्यांना." मोठे भाईजान म्हणाले, "मेसेज गेला की गिऱ्हाईकही गेलं. उसाचं बिल जमा झालं की माणूस आपसूक येतो." भाचीनं ते लगेच लिहून घेतलं. ठरलं असं, की प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पैसा कधी येतो ते लिहायचं: नोकरदाराचा पगाराला, मजुराचा बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्याचा उसाच्या बिलाला. ती वेळ टळली तरच विचारायचं, तेही तोंडी.

इथपर्यंत सगळे खूश होते. मग तिनं शेवटचं पान उलटलं.

"महिन्याची विक्री ८ लाख. मालाची किंमत, भाडं, लाईट, पोराचा पगार वजा जाता ६२ हजार उरतात. आणि गल्ल्यातून न लिहिता गेले ७४ हजार." ती क्षणभर थांबली. "हा तिन्ही घरांचा खर्च आहे. कुणी किती घेतले ते लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही. पण दर महिन्याला १२ हजार भांडवलातून जातायत. घाऊक व्यापाऱ्याची थकबाकी वाढते ती यामुळे."

कुणी काही बोललं नाही. धाकट्यानं मोबाईल पालथा ठेवला. दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड त्याच्या स्वतःच्या खात्याचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी होती. मधल्या भावाच्या घरी औषधं होती. चोर कुणीच नव्हतं. गल्ल्यात हात घालताना तिघांनाही तो आपलाच वाटायचा, आणि तो होताही.

तेव्हा मला कळलं, की पहिल्या दिवशी सगळे बारकोडला एवढे का हसले. मशीन महाग होतं म्हणून नव्हे. मशीन सगळं लिहितं म्हणून.

भाचीचं म्हणणं असं होतं: तिघांनी दर आठवड्याला ४ हजार पगार घ्यावा, जास्त लागले तर नावावर लिहून. आणि क्यूआर दुकानाच्या खात्याचा लावावा.

तिचे अब्बा चिडले. "बापाच्या दुकानात नोकर व्हायचं? आणि भावाभावांत लिखापढी?"

मी तोवर गप्प होते. म्हटलं, "भाईजान, कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे?" मोठे भाईजान हाफिज नाहीत, पण हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सूरह बकरातली ती आयत देण्याघेण्याबद्दल आहे: रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहून ठेवायला कंटाळू नका. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते उधारीबद्दल आहे." मग थोड्या वेळानं, "हीही उधारीच झाली म्हणा." आणि उठून आत गेले.

त्या रात्री निर्णय झाला नाही. आठ दिवसांनी क्यूआर बदलला, तोही धाकट्यानं स्वतःच. महिन्याला पंचवीसेक हजार उचलणाऱ्या घरांना सतरा हजारांत भागवणं जड गेलं. दोन्ही भावजया माझ्याशी काही दिवस तुटक बोलत होत्या. मधला भाऊ अजून कधीकधी न लिहिता नोट काढतो. रात्री हिशेब जुळला नाही की भाची त्याच्याकडे बघते आणि तो पेन मागतो.

सहा महिन्यांत उधारी ३ लाखांच्या खाली आली. जुनी बुडालेली बहुतेक बुडालीच. व्यापाऱ्याची थकबाकी वाढायची थांबली, फिटलेली नाही. कॉम्प्युटर अजून आलेला नाही.

मागच्या सुट्टीत गेले तेव्हा मी रजिस्टर चाळलं. पगाराच्या पानावर तीन नावांखाली चौथी ओळ होती, आठवड्याला १ हजार, भाचीच्या नावावर. अक्षर मोठ्या भाईजानचं, उर्दूतलं. तिनं ते बोट ठेवून मला वाचून दाखवलं. आता ती अलिफ-बे शिकते आहे, त्यांच्याकडूनच, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा.