चाळीसगावचा टांगा

आमच्या निवासी विद्यालयात नवे मुख्याध्यापक रुजू झाले, तेव्हा शाळा उघडण्यास चार दिवस अवकाश होता. ते खानदेशचे नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्वांची सभा बोलावली. शिक्षकांच्या मागे लिपिक, शिपाई, वसतिगृहाचे अधीक्षक आणि भोजनगृहातील मावशीही बसल्या होत्या. त्रिशरण-पंचशील झाले, पुष्पगुच्छ देऊन झाले. आता ध्येयधोरणांची यादी ऐकावयाची, अशा तयारीने आम्ही बसलो होतो. त्यांनी मात्र बाबासाहेबांच्या चाळीसगावच्या टांग्याची हकीकत सांगावयास घेतली.

ती हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदविलेली आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. स्थानकावर आपली माणसे हार घेऊन उभी होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, पायी जाता येण्याजोगी. तरीही तासभर कोणी निघेना. अखेर एक टांगा आला. थोडे अंतर जाताच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरील कठडे नसलेल्या फरसबंदी पुलावर त्याचे चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

खरे कारण त्यांना नंतर कळले. अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी चालावे, हे आपल्या माणसांना सहन होईना. म्हणून टांगा भाड्याने घेतला, आणि ज्याने टांगा कधी हाकला नव्हता अशा आपल्यातील एकाच्या हाती लगाम दिला. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाचा विचार मागे राहिला.

एवढे सांगून मुख्याध्यापक म्हणाले, “टांगेवाल्यांचा दोष आपण जाणतोच. मला आज दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. लगाम माझ्या हाती आला आहे आणि हा पूल मी कधी ओलांडलेला नाही. कोठे जायचे ते मला पक्के ठाऊक आहे : पाचवीत आलेले एकही मूल दहावीपूर्वी गळता कामा नये. यावर तडजोड नाही. वाट मात्र तुम्हांला ठाऊक आहे. माझा मान राखण्यासाठी गप्प बसू नका; टांग्यात मुले बसलेली आहेत.”

मग त्यांनी वर्षाचे नियोजन वाचले. पालकसभा डिसेंबरात, पहिल्या सत्राचे निकाल हाती आल्यावर, असे त्यात होते. आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते की आमचे बहुतेक पालक तोवर ऊसतोडीला गेलेले असतात. तरी आम्ही गप्प राहिलो. पहिल्याच दिवशी साहेबांची चूक कशी काढावी! टांग्याची गोष्ट ऐकून पुरती दहा मिनिटेही झाली नव्हती.

मागून मावशी म्हणाल्या, “सर, दिवाळीनंतर मायबाप आठे ऱ्हातस कोठे?”

मुख्याध्यापकांना अहिराणी समजली नाही. त्यांनी अर्थ विचारला, आणि मावशींना पुढे बसवून घेतले. मावशींनी सांगितले ते असे. मुकादमाची उचल घेतलेली असते; एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघे फडात गेले की धाकट्या लेकराला सांभाळायला कोणी हवे, म्हणून थोरल्या मुलीला शाळेतून नेतात. दिवाळीच्या सुटीला न्यायला आलेला बाप नुसती कपड्यांची पिशवी मागतो, तेव्हा मूल परतते. अंथरूण आणि पेटी मागतो, तेव्हा समजावे की ते परतणार नाही. मावशी हे कित्येक वर्षे पाहत आल्या होत्या. आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

मुख्याध्यापकांनी तेथेच डिसेंबर खोडला. पालकसभा सुटीच्या आधी घेण्याचे ठरले. ज्यांच्या घरी धाकटी भावंडे आहेत, त्या मुलींची यादी अधीक्षकांनी सप्टेंबरातच करावी आणि वर्गशिक्षकांनी उचल घेण्यापूर्वी त्या घरी जाऊन यावे, असेही ठरले. भावंड सांभाळायला आजी किंवा मावशी गावी राहू शकते का, एवढाच प्रश्न तेथे विचारावयाचा होता.

त्या दिवाळीनंतर सगळी मुले परतली, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरी मागे राहणारे कोणीच नव्हते, तेथे आमचे बोलणे व्यर्थ गेले. परंतु दोन मुलींच्या पेट्या वसतिगृहातच राहिल्या. त्यांच्या बापांनी पेटी मागितली होती. ती देताना मावशींनी आम्हांला बोलावले, आणि या वेळी आम्ही गप्प राहिलो नाही.