बारा त्रेचाळीस

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला, सरांनी आमचा सातवीचा वर्ग मैदानात आणला. आदल्या दिवशी मी वहीत लिहिलं होतं, ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो.’ सरांनी त्याखाली लाल शाईनं एवढंच विचारलं होतं, ‘कोणी पाहिलं?’

साताऱ्याजवळचं आमचं गाव. मैदान म्हणजे मुरमाची सपाट जागा. सरांनी एक मीटरची काठी रोवली आणि तिच्या बुंध्याला सुतळी बांधून 110 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर पडतं. ती आखडत जाते आणि टोक रेघेला शिवतं, तिथे एक खिळा. दुपारनंतर ती पुन्हा लांबते आणि टोक रेघ ओलांडतं, तिथे दुसरा खिळा. दोन्ही वेळांचा मध्य काढला, की सूर्य सर्वांत उंच असल्याची वेळ मिळते. दोन खिळे जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम जाते, हे त्याच्यासोबत फुकट.

सावलीचं टोक काही धारदार नसतं. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून टोकाशी सावली विरते. त्या पुसट भागाचा मध्य धरा, असं सरांनी गुडघ्यावर बसून दाखवलं. वर्तुळाजवळ सावली मिनिटाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकते. एवढं हळू सरकणारं काही मी तोवर इतका वेळ पाहिलंच नव्हतं.

आम्हाला 10:54 आणि 2:40 मिळाले. मध्य 12:47. मला रडू आलं. पुस्तकात बारा आणि आमचे पाऊणतासानं चुकलेले. मी खोडरबर काढला. सरांनी माझा हात धरला. “सावली बघून लिहिलंस ना? मग खोडायचं नाही. चूक कुठंय ते शोधू.”

मग त्यांनी खिशातून दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट काढला आणि काठीच्या टोकाशी धरला. दोरा सरळ लोंबला आणि काठी त्याच्यापासून पश्चिमेला साडेतीन सेंटिमीटर कललेली दिसली. नुसत्या डोळ्याला ती सरळच वाटत होती. काठी पश्चिमेला झुकली, की सकाळची सावली लांब पडते आणि दुपारची आखूड. दोन्ही खिळे उशिरा लागतात. दुसऱ्या दिवशी ओळंबा लावून काठी रोवली. 10:50 आणि 2:36. मध्य 12:43.

त्यानंतरच सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, आपण चौऱ्याहत्तरावर. फरक साडेआठ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस. उरलेली नऊ मिनिटं पृथ्वीच्या लंबगोल कक्षेची आणि तिच्या कललेल्या आसाची; ती वर्षभर कमी-जास्त होत राहतात. बेरीज त्रेचाळीस. हे उत्तर त्यांना पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. माझं 12:47 बघूनही ते गप्प राहिले, ही गोष्ट मला फार उशिरा, स्वतः शिकवायला लागल्यावर उमगली. उत्तर माहीत असताना दोन दिवस ते न सांगणं किती अवघड असतं, हे वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि सूर्य अगदी डोक्यावर? तो त्या दिवशी नव्हताच. भरदुपारी काठीची सावली ऐंशी सेंटिमीटर होती. “डोक्यावर बघायचा असेल तर 10 मेला या,” सर म्हणाले. सुट्टी होती, तरी आम्ही नऊ जण गेलो. साडेबाराला काठीची सावली बुंध्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. सरांनी स्टीलचा पेला उपडा ठेवला; त्याच्याभोवतीही सावलीची कड उरली नाही. तेव्हा कुणी ओरडलं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. असा दिवस आपल्याकडे ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. दिल्लीच्या मुलाला तर तो कधीच मिळत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

निवृत्तीनंतरही सर दर 10 मेला मैदानात काठी रोवत. गावातली पोरं जमत. गेल्या मार्चमध्ये सर गेले. त्या मे महिन्यात मैदान रिकामं होतं. मीही गेलो नाही, मला जाववलं नाही.

आज शिक्षक दिन. सरांच्या घरून तो नट आणि दोरा मी मागून आणलाय. पुढच्या 10 मेला मी शाळेच्या मैदानात असेन. पोरांना घेऊन या. बाराला पोहोचा, काठी ओळंब्यात आणायला थोडा वेळ लागतो.