दात, ओठ आणि दोन व

नंदुरबार स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर, म्हणजे वेस्टर्न रेल्वेत. हा ‘वेस्टर्न’ शब्द माझ्या वर्गातली मुलं मराठी ‘व’नेच म्हणतात. घरी कुणाची अहिराणी, कुणाची भिली, कुणाची गुजराती. पण इंग्रजीतले दोन ‘व’ बहुतेकांच्या तोंडी एकच होऊन येतात.

आपला ‘व’ त्या दोघांच्या मधला आहे. ‘वेळ’ म्हणून पाहा. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. ओठांचा चंबूही होत नाही. इंग्रजीला मात्र व्ही लिहिलं की घासणं हवं आणि डब्ल्यू लिहिलं की चंबू.

मी आधी बोलायला लावत नाही, ऐकायला लावतो. वही तोंडापुढे धरून जोडीतला एक शब्द म्हणतो: बनियनचा व्हेस्ट की पश्चिमेचा वेस्ट? व्हेस्ट वाटला तर डावा हात, वेस्ट वाटला तर उजवा. वही धरायची ती ओठ दिसू नयेत म्हणून. नाहीतर हुशार मुलं कानांऐवजी डोळ्यांनी पास होतात. हात शेजाऱ्याकडे बघून वर जात असतील, तर त्या दिवशी उच्चार शिकवण्यात अर्थ नाही.

मग आरसा. डब्ल्यूसाठी ‘ऊ’ म्हणायचा: ओठ गोल, जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचललेला. तिथून झटकन ‘एस्ट’वर यायचं, ऊ-एस्ट. दात कुठेच लागत नाहीत. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर अलगद टेकवायचे आणि आवाज लांबवायचा. जिभेला इथे काम नाही. ओठावर बोट ठेवलं की गुदगुल्या व्हायला हव्यात. गुदगुल्या नाहीत, तर आपला ‘व’ परत आला. नुसतीच हवा फुसफुसली, तर ‘फ’ झाला; कंठातला आवाज बंद पडलाय.

खरा घोळ आपल्या लिहिण्याने घातला आहे. व्हॅन आणि टीव्ही आपण ‘व्ह’ने लिहितो, आणि व्हाईट, व्हॉट्सअॅपही ‘व्ह’नेच. त्यात मुलं तो ‘व्ह’ ‘जिव्हाळा’तल्यासारखा हकार घालून वाचतात. इंग्रजी व्हीमध्ये हकार नाही, फक्त घासणं आहे. म्हणून माझ्या वर्गात फळ्यावर देवनागरी ‘व्ह’ येत नाही. तिथे दातांचं किंवा गोल ओठांचं चित्र असतं.

दोन्ही जमले की मुलं नव्या उत्साहाने सगळीकडेच दात लावतात, अगदी ‘वॉटर’मध्येही. तेव्हा मी लाट या अर्थाचा ‘वेव्ह’ देतो: सुरुवातीला चंबू, शेवटी दात. सावकाश म्हटला तर कुणालाही येतो. वेग वाढवला की शेवटचा व्ही आधी गळतो, म्हणून तेवढाच सेकंदभर ताणून धरायला सांगतो. मग तोच शब्द वाक्यात घालायचा, कारण सुट्या शब्दात शिकलेले ओठ वाक्यात लगेच मराठीवर येतात.