जाहिरातीची चाळणी

माझ्या पुतण्याची रेणापूरला छोटी डाळमिल आहे. हिशेबाला माणूस हवा म्हणून त्याने लातूरच्या एका दैनिकात जाहिरात दिली: "पाहिजे: अनुभवी, होतकरू अकाउंटंट. पगार योग्यतेनुसार." चाळीसेक फोन आले. कुणाला पगार कमी पडत होता, कुणाला रोज लातूरहून येणं जमणार नव्हतं, कुणाला टॅलीच येत नव्हतं. कामाचे दोघंच, आणि तेही दुसरीकडे रुजू झाले.

मग मजकूर माझ्याकडे आला. मास्तरकी सुटली तरी लाल पेन सुटत नाही! मी आधी विशेषणं खोडली. "होतकरू" वाचून 'मी होतकरू नाही' असं कुणाला वाटतं? आणि "योग्यतेनुसार" वाचून दहा हजार हवे असलेलाही फोन करतो, तीस हवे असलेलाही. ज्या शब्दाने कुणीच गळत नाही, तो जाहिरातीत जागा अडवतो.

नवा मजकूर असा झाला:

"रेणापूरच्या डाळमिलसाठी हिशेबनीस पाहिजे. काट्याच्या पावत्यांवरून खरेदीची नोंद, टॅलीत हिशेब, जीएसटीचे कागद तयार करून सीएकडे देणे. पगार १६ ते १८ हजार. वेळ १० ते ६. जानेवारी ते मार्च, तुरीच्या हंगामात, रात्री ८ पर्यंत. राहण्याची सोय नाही. टॅली आवश्यक, डाळमिलचं काम शिकवू. १०० क्विंटल तुरीतून ७२ क्विंटल डाळ निघाली, तर उरलेल्या २८ चा हिशेब कसा ठेवाल? चार ओळींत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा."

पुतण्या म्हणाला, "काका, हंगामाचं लिहिलं तर कोण येईल?" मी म्हटलं, ज्याला जमणार नाही तो आज येणार नाही, न लिहिलंस तर तो फेब्रुवारीत, ऐन गर्दीत सोडून जाईल.

या वेळी अकराच उत्तरं आली, त्यातली सहा बोलावण्याजोगी. तिघांनी २८ क्विंटल सरळ 'तोटा' लिहिला होता. बी.कॉम. झालेल्या एका मुलीने लिहिलं, "उरलेल्यातलं काय विकलं जातं ते आधी विचारीन. विकलेल्याची नोंद वेगळी, बाकीची घट." चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्याला विकलं जातं, हे तिला माहीत नव्हतं, पण प्रश्न नेमका पडला. तीच लागली.

चाळणी फार बारीक मात्र करू नये. पुतण्याला आणखी चार अटी 'आवश्यक' म्हणून घालायच्या होत्या. तसं केलं की प्रामाणिक माणूस एक अट बसत नाही म्हणून मागे राहतो, आणि धीट माणूस एकही बसत नसताना अर्ज करतो. म्हणून जे शिकवता येतं ते 'आवश्यक'मधून काढलं. प्रश्नही पंधरा मिनिटांत सुटेल एवढाच ठेवला, कारण आधीच नोकरीत असलेल्याला त्याहून जास्त सवड नसते.

जाहिरात जमली की नाही हे पुढच्या चौकश्यांवरून कळतं. तिघांनी एकच गोष्ट विचारली, तर ती ओळ आपण लिहायची राहिली आहे. या वेळी तिघांनी विचारलं, "रविवारी सुट्टी असते का?" पुढच्या वेळी ते लिहायचं.